ग्रुप फोटोत फक्त एकाचा टी-शर्ट बदलून कुर्ता करायचा आहे: जनरेटिव्ह फिलसाठी सिलेक्शन कसं घ्यावं?

पाऊलवाट

नमस्कार मंडळी. भाच्याच्या मुंजीतला सात जणांचा एक फोटो १२ बाय १८ इंच छापून फ्रेम करायचा आहे. सगळे नटूनथटून उभे आहेत, फक्त आमचे धाकटे काका काळ्या टी-शर्टमध्ये. छातीवर भलंमोठं पिवळं चित्र. त्यांची बॅग प्रवासात मागे राहिली होती आणि मुहूर्त थांबणार नव्हता. आता फ्रेम करायची म्हटल्यावर त्यांनीच विचारलं की माझ्या अंगावर साधा मोतिया रंगाचा कुर्ता दाखवता येईल का.

फोटो ६००० बाय ४००० पिक्सेलचा आहे, हॉलमध्ये फ्लॅश मारून काढलेला. काका डावीकडून दुसरे. बटू त्यांच्या पुढे उभा आहे, त्यामुळे टी-शर्टचा खालचा भाग बटूच्या डोक्यामागे आणि खांद्यामागे जातो. काकांचा एक हात बटूच्या खांद्यावर. उजवीकडे काकू आहेत आणि त्यांचा गजरा काकांच्या बाहीवर येतो.

टी-शर्ट फोटोशॉपच्या ऑब्जेक्ट सिलेक्शनने अगदी नेमका निवडला आणि जनरेटिव्ह फिलमध्ये `remove t-shirt and put kurta` असं लिहिलं. एकदा मार्गदर्शक तत्त्वांचा भंग होतो असा संदेश आला आणि काहीच मिळालं नाही. पुन्हा केल्यावर जे आलं तो कुर्ता म्हणावा असा नव्हताच: टी-शर्टच्याच आकाराचं, अर्ध्या बाह्यांचं, कमरेशी संपणारं काहीतरी, आणि कडेला सगळीकडे काळी बारीक रेघ. चूक सिलेक्शनची आहे की मजकुराची?

रंगपेटी

इतकं कशाला करताय? `Select > Color Range` ने काळा रंग निवडा, मग ह्यू-सॅच्युरेशन लावा. घड्या, सावल्या सगळ्या जशाच्या तशा राहतात. मी शाळेच्या गणवेशाचे रंग असेच बदलते, कधीच त्रास झाला नाही.

पाऊलवाट

रंगपेटी, धन्यवाद. पण मला रंग नाही, कपडाच बदलायचा आहे. गळा, बाह्या, लांबी सगळं वेगळं हवं.

कृष्णधवल

माझा स्टुडिओ आहे आणि असं काम आमच्याकडे नेहमी येतं. रंगपेटींनी सांगितलेली पद्धत कपडा तोच ठेवून रंग बदलायचा असेल तेव्हा सर्वांत चांगली. जनरेटिव्ह फिलने घड्या नव्याने काढल्या जातात, त्यामुळे नुसत्या रंगासाठी ते वापरायचं कारणच नाही. इथे मात्र काळ्याचा मोतिया करायचा म्हटलं तरी ह्यू-सॅच्युरेशन कामाचं नाही. काळ्या कापडाच्या घड्यांमध्ये उजेडाची माहितीच फार थोडी असते. ती ओढून उजळ केली की राखाडी डाग आणि दाणे दिसतात.

आता मूळ प्रश्न. तुमची अडचण आधी सिलेक्शनची आहे, मग मजकुराची. जनरेटिव्ह फिल सिलेक्शनच्या बाहेर एक पिक्सेलही बदलत नाही. तुम्ही टी-शर्ट नेमका निवडला म्हणजे त्याला सांगितलंत की नवा कपडा एवढ्याच जागेत बसव. टी-शर्टची बाही कोपराच्या वर संपते, तिथे तुमचं सिलेक्शनही संपतं. मग पूर्ण बाही काढायला त्याला जागा कुठून मिळणार? मजकुरात `full sleeves` लिहिलं असतंत तरी फरक पडला नसता. आकाराच्या बाबतीत सिलेक्शनचा शब्द शेवटचा.

काळी रेघही त्याचीच. टी-शर्टच्या कडेचे दोन-तीन पिक्सेल धड टी-शर्टचे नसतात आणि धड भिंतीचेही नसतात, दोन्हींची सरमिसळ असते. नेमकं सिलेक्शन त्यांना बाहेर सोडतं. आधी तिथे काळ्याला लागून काळं होतं म्हणून दिसत नव्हतं, आता मोतियाला लागून दिसतं.

लेखणीबहाद्दर

कृष्णधवल, हे मला पटत नाही. सिलेक्शन जितकं अचूक तितका निकाल चांगला, हे फोटोशॉपचं पहिलं तत्त्व आहे. मी पेन टूलने पाथ काढतो, अर्धा पिक्सेल फेदर देतो आणि कामाला लागतो. ढिलं सिलेक्शन घेतलं की मागची भिंत आणि शेजारची माणसंही बदलतात. पाऊलवाट, पेन टूल शिका. सैल लॅसोने कुणाचंही भलं झालेलं नाही.

कृष्णधवल

लेखणीबहाद्दर, तुमचं म्हणणं अर्धं बरोबर आहे आणि तो अर्धा भाग इथे फार महत्त्वाचा आहे. जिथे माणूस कपड्याच्या पुढे आहे, म्हणजे बटू आणि काकू, तिथे सिलेक्शन काळजीपूर्वकच हवं. पेन टूल घेतलं तर उत्तम. पण जिथे कपड्याच्या मागे भिंत आहे तिथे ढिलं सिलेक्शन चालतं, नव्हे तसंच हवं. भिंत थोडी बदलली तरी ती भिंतच राहते, आणि नव्या कुर्त्याला त्याची स्वतःची कड मिळते. एकाच सिलेक्शनच्या दोन बाजूंना दोन वेगळे नियम लागतात.

सोनसळी

मध्येच विचारते, राग मानू नका. माझा साड्यांचा छोटा ऑनलाइन व्यवसाय आहे. एकाच मॉडेलच्या फोटोवर सिलेक्शन करून `green paithani saree with peacock pallu` असं लिहिलं तर पाच साड्यांचे पाच फोटो होतील, मॉडेलचा खर्च वाचेल. पण मोर धड येत नाहीत. कधी चोच नसते, कधी दोन मोर एकमेकांत मिसळलेले. काठही निऱ्यांपाशी वेगळा आणि पदरावर वेगळा. याला काही उपाय?

कृष्णधवल

सोनसळीताई, यासाठी हे साधन वापरू नका असंच मी सांगेन. त्याला `paithani` म्हणजे साधारण काय दिसतं ते ठाऊक असेल, पण तुमच्या दुकानातली ती विशिष्ट साडी त्याने पाहिलेली नाही. जे येईल ते मनचं. गिऱ्हाईक फोटोतला पदर बघून पैसे भरणार आणि घरी दुसराच पदर जाणार. साडी परत येईल ती वेगळीच. संदर्भ म्हणून दुसरं चित्र देण्याची सोय आता फोटोशॉपमध्ये आहे, त्याने रंग-पोत जवळ येतो, पण विणकामातली नक्षी तंतोतंत उतरेल असं धरून चालू नका. एकाच डिझाइनचे वेगवेगळे रंग दाखवायचे असतील तर रंगपेटींची पद्धत तुमच्यासाठी आहे.

सोनसळी

समजलं. संदर्भचित्राचं तरी करून बघते, नुसत्या काठासाठी.

कृष्णधवल

आता पाऊलवाट यांचा फोटो. मी असतो तर असं केलं असतं.

आधी मूळ लेयरची एक प्रत ठेवा. ऑब्जेक्ट सिलेक्शनने टी-शर्ट निवडा. मग लॅसो घेऊन शिफ्ट दाबून त्यात भर घाला. पहिली भर गळ्याची: स्टँड कॉलर टी-शर्टच्या गोल गळ्यापेक्षा वर येते, म्हणून मानेचा साधारण दोन बोटांइतका भाग सिलेक्शनमध्ये घ्या. हनुवटीला मात्र शिवू नका. हनुवटी आत आली की चेहऱ्याची ठेवण बदलते आणि काका काका राहत नाहीत. दुसरी भर हाताची: टी-शर्टची बाही संपते तिथपासून मनगटापर्यंतचा उघडा हात आत घ्या आणि घड्याळ असेल तर त्याच्या थोडं आधी थांबा. पंजा आणि बोटं अजिबात नकोत, बोटं हमखास बिघडतात. तिसरी भर खाली: कुर्ता गुडघ्यापर्यंत येणार, तेव्हा बटूच्या बाजूने पॅन्टचा जेवढा भाग दिसतो तो गुडघ्यापर्यंत घ्या.

हे झालं की `Select > Modify > Expand` मध्ये १५ ते २० पिक्सेल द्या. तुमच्या ६००० पिक्सेलच्या फोटोला तेवढे पुरतात, लहान फोटोला याहून बरेच कमी लागतील.

आणि त्यानंतर बटू, काकू आणि काकांचा पंजा सिलेक्शनमधून वजा करा, आल्ट दाबून. हा क्रम उलटा केलात, आधी वजा करून मग फुगवलंत, तर सिलेक्शन पुन्हा बटूच्या कानात शिरेल. वजा करतानाही बटूच्या डोक्याच्या कडेचे तीन-चार पिक्सेल सिलेक्शनमध्येच राहू द्या. त्या कडेवर काळ्या टी-शर्टची छटा चढलेली आहे, ती निघायला हवी. मुंजीतला बटू, म्हणजे केस काढलेले असणार, तेव्हा ही कड स्वच्छ आहे आणि काम सोपं आहे. अवघड जागा गजऱ्याची. तिथे फुलांमधून काळं कापड डोकावत असेल.

पाऊलवाट

हो, अगदी तसंच आहे. गजऱ्याच्या फटींतून काळं दिसतंय. आणि तो संदेश का आला असेल? मी तर काही वावगं लिहिलं नव्हतं.

कृष्णधवल

बहुधा `remove t-shirt` मुळे. माणसाच्या अंगावरच्या सिलेक्शनला जोडून कपडा काढण्याची भाषा आली की गाळणी सावध होते. तुमचा हेतू तिला कळत नाही. असंच `skin colour` किंवा `nude` हे रंगाचे शब्द लिहिले तरी घडतं. मोतियाला `off-white` किंवा `cream` लिहा. कधीकधी शब्द निर्दोष असूनही संदेश येतो, कारण सिलेक्शनमध्ये त्वचा जास्त असते. तेव्हा मानेचा किंवा हाताचा भाग कमी करून बघायचा.

तसाही मजकूर हुकमासारखा लिहू नये. हे काढ, ते घाल, याच्या जागी ते आण, असं सांगण्यात फायदा नाही. त्या जागी शेवटी काय दिसायला हवं त्याचं वर्णन करायचं. मी एवढंच लिहीन:

```
off-white cotton kurta, full sleeves, band collar, front buttons
```

भटकभवानी

मी याच्या उलट ऐकलंय. मजकूर जितका लांब तितका चांगला. मी नेहमी `8k, ultra realistic, professional photography, soft light` असं सगळं जोडते.

कृष्णधवल

कोऱ्या पानावर चित्र बनवायचं तर त्याचा काही उपयोग होत असेल. इथे उजेड कुठून येतो, कॅमेरा कसला होता, हे आजूबाजूच्या फोटोवरूनच घेतलं जातं. तुम्ही `soft light` लिहिलंत आणि फोटो फ्लॅशचा असेल तर काकांवरच वेगळा उजेड पडायचा. `8k` ने रिझोल्यूशनही वाढत नाही. कापड, रंग, बाही, गळा, बटणं. एका कपड्याला इतकं पुरे.

भटकभवानी

मग उपरणंही त्यातच सांगता येईल? खांद्यावर उपरणं असतं तर शोभलं असतं.

कृष्णधवल

`uparane` लिहून मला तरी कधी धड मिळालेलं नाही. `folded white stole on shoulder` लिहून जवळपास जाता येतं. पण ते कुर्ता झाल्यावर, वेगळ्या छोट्या सिलेक्शनने करा. दोन कपडे एकाच मजकुरात घातले की एक दुसऱ्यात विरघळतो.

मोजपट्टी

छपाईचं कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. फोटोशॉपचं सुरुवातीचं मॉडेल एका वेळी जास्तीत जास्त १०२४ बाय १०२४ पिक्सेलचं चित्र बनवायचं आणि सिलेक्शन मोठं असेल तर ते ताणून बसवायचं. नव्या आवृत्त्यांत सुधारणा होत गेली आहे, पण मोठ्या सिलेक्शनमध्ये कापड मऊ पडणं अजून संपलेलं नाही.

पाऊलवाट, तुमच्या फोटोत कुर्ता गळ्यापासून गुडघ्यापर्यंत किती पिक्सेल आहे? समजा १८०० उंच आणि १००० रुंद. १०२४ चे १८०० करायचे म्हणजे पावणेदोन पट ताणणं झालं. तुमचा फोटो १८ इंचांत ६००० पिक्सेल, म्हणजे इंचाला ३३३. काकांच्या कुर्त्यात मात्र खरा तपशील इंचाला १९० च्या आसपास उरतो. भिंतीवरच्या फ्रेमला तेवढा चालतो. पण शेजारी काकूंच्या साडीची जर कुरकुरीत आणि काकांचा कुर्ता दुधाच्या सायीसारखा, हा फरक जवळून बघणाऱ्याच्या लक्षात येतो.

म्हणून दोन भागांत करा. आधी गळ्यापासून कमरेपर्यंत, म्हणजे साधारण १००० बाय १०००, ताणायची गरजच नाही. मग कमरेखालचा भाग, आणि त्या दुसऱ्या सिलेक्शनमध्ये नुकत्याच झालेल्या कुर्त्याची तळची पट्टी आत घ्या, म्हणजे कापड जुळतं. बाहीही तशीच, खांद्याचा थोडा भाग सिलेक्शनमध्ये घेऊन.

कृष्णधवल

मोजपट्टी यांचं बरोबर आहे. फक्त पहिल्या भागाच्या तीन नमुन्यांतला एक पक्का करूनच पुढे जा. दुसरा भाग करून झाल्यावर पहिल्याचा नमुना बदललात तर जोड उघडा पडेल.

पाऊलवाट

केलं! सिलेक्शन सांगितल्याप्रमाणे घेतलं, मजकूर कृष्णधवल यांचाच. छातीचा भाग पहिल्या तीन नमुन्यांतच मिळाला, कॉलर अगदी नीट बसली. बाही वेगळी केली. भिंतीकडची कड इतकी छान आली की काळ्या रेघेचा मागमूस नाही. लेखणीबहाद्दर, बटूच्या डोक्याभोवती पेन टूलच वापरलं, तुमचाही सल्ला कामी आला.

आता तीन गोष्टी राहिल्यात. बटूचा कान थोडा चावल्यासारखा झालाय. गजऱ्याची काही फुलं गेली. आणि १०० टक्के झूमवर बघितलं तर सगळ्या फोटोत बारीक दाणे आहेत, काकांचा कुर्ता तेवढा गुळगुळीत.

कृष्णधवल

फार छान. कान सोपा आहे. जनरेटिव्ह लेयरला मास्क येतोच. त्या मास्कवर काळ्या रंगाचा मऊ ब्रश फिरवा, खालचा मूळ कान परत दिसेल. ब्रश लहान ठेवा आणि कानाच्या कडेच्या आतच फिरवा, बाहेर गेलात तर टी-शर्टही परत येईल.

गजऱ्यालाही तसंच, मोठी फुलं मास्कने परत आणा. फुलांच्या फटीत काळं राहिलं तर तेवढ्या फटींचं छोटं सिलेक्शन घेऊन मजकूर रिकामा ठेवा आणि जनरेट करा. रिकामं ठेवल्यावर ते आजूबाजूचं बघून भरतं, आणि आता आजूबाजूला मोतिया कापड आणि पांढरी फुलं आहेत.

दाण्यांसाठी कुर्त्याच्या वर एक नवा लेयर घ्या, ५० टक्के राखाडीने भरा, ब्लेंड मोड ओव्हरले करा आणि तो कुर्त्याच्या लेयरला क्लिप करा. त्याच्यावर `Filter > Noise > Add Noise`, गाउसियन, मोनोक्रोमॅटिक, दोन-तीन टक्क्यांपासून सुरू करा. शेजारच्या भिंतीकडे बघत वाढवा. दाणे फार टोकदार वाटले तर त्या लेयरला अर्ध्या पिक्सेलचा ब्लर. कुर्त्याचे दोन-तीन लेयर असतील तर ते आधी एका ग्रुपमध्ये टाकून ग्रुपला क्लिप करा.

लेखणीबहाद्दर

एक पर्याय कुणी सुचवला नाही. क्विक मास्कमध्ये सिलेक्शन पूर्ण पांढरं न ठेवता राखाडी ठेवलं, म्हणजे अर्धवट निवडलं, तर खालच्या कपड्याच्या घड्यांचा आधार घेऊन नवा कपडा तयार होतो. हाताची ठेवण आणि घड्या टिकतात. कुर्त्याच्या बाहीला हे उपयोगी पडलं असतं.

मोजपट्टी

पूर्वी होतं तसं. मी २०२३ मध्ये बीटा आवृत्तीवर बरेच प्रयोग केले होते, तेव्हा उत्तम चालायचं. हल्ली मॉडेल बदलल्यावर मला तसा परिणाम दिसत नाही, नुसता नवा-जुना कपडा एकमेकांत धूसर मिसळतो.

लेखणीबहाद्दर

माझ्याकडे अजून चालतं. आवृत्ती कोणती वापरता?

कृष्णधवल

मला दोन्ही अनुभव आलेत, म्हणून मी इथे सांगितलं नाही. काळ्या टी-शर्टवर तर नकोच, खालचा काळा मोतियात उतरतो.

जुनाअल्बम

धागा उपयोगी आहे, तरी एक वाटतं ते लिहितो. घाईगडबडीत टी-शर्टमध्येच मुंजीला उभे राहिलेले काका हीसुद्धा त्या दिवसाची खरी आठवण आहे. वीस वर्षांनी बटू मोठा झाल्यावर त्याला ती गोष्ट सांगताना फोटोत कुर्ता दिसेल.

पाऊलवाट

जुनाअल्बम, मीही हे काकांशी बोललो. त्यांना भिंतीवर कुर्ताच हवा आहे, आणि निर्णय त्यांचा आहे असं मला वाटतं. मूळ फोटो अल्बममध्ये जसाच्या तसा जाईल.

जुनाअल्बम

अल्बममध्ये जाणार असेल तर ठीक. फाईलच्या नावात तरी लिहून ठेवा कोणता कोणता ते, नाहीतर पुढे कुणालाच कळायचं नाही.

पाऊलवाट

नक्की. कान आणि गजरा झाला, दाणेही जुळले. एकच खटकतंय: काकांचं मनगट बटूच्या खांद्यावर आहे तिथे नव्या बाहीची सावलीच नाही, बाही चिकटवल्यासारखी दिसते.

कृष्णधवल

मूळ फोटोत हात उघडा होता, म्हणून तिथे बाहीची सावली नव्हतीच, आणि सिलेक्शन मनगटाआधी थांबल्यामुळे ती पुढे काढताही आली नाही. जनरेट करू नका, हाताने करा. नवा लेयर, मल्टिप्लाय, जवळच्याच त्वचेच्या गडद भागातून उचललेला रंग, मऊ ब्रश, ओपॅसिटी १५ टक्क्यांच्या आसपास. फ्लॅशच्या फोटोत सावली अरुंद आणि बाहीला लागूनच असते, तेव्हा बाहीच्या कडेखाली एक बारीक पट्टी पुरेल. काकूंच्या बांगड्यांखाली सावली कोणत्या बाजूला पडली आहे ते आधी बघा आणि त्याच बाजूला द्या.

सोनसळी

कृष्णधवल, संदर्भचित्र देऊन काठ करून बघितला. रंग जमला, बुट्टे नाही जमले. काठ सरळ असतो तिथे खऱ्या साडीचा फोटो काढून तोच वॉर्पने बसवला तर?

कृष्णधवल

सरळ भागावर जमेल, आणि तो खरा काठ असेल. निऱ्यांवर मात्र प्रत्येक घडीला वेगळा वॉर्प द्यावा लागेल. एक फोटो टाका, बघून सांगतो.